फलकावरचा तक्ता: ८.५ म्हणजे आठ क्विंटल पाच किलो की पन्नास?

हिशोबवाली

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आमचा शेतकऱ्यांचा लहानसा गट आहे. कापूस वेचून झाला की सगळ्यांच्या गाड्या एकाच दिवशी जिनिंगला नेतो. भुईकाट्यावर प्रत्येकाची गाडी वेगळी तोलली जाते आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतात. हिशेब माझ्याकडे आहे. प्रत्येक खेपेनंतर एक्सेलमध्ये तक्ता करून छापते आणि समाजमंदिराच्या फलकावर लावते.

मागच्या खेपेला सहा गाड्या होत्या. तक्ता लावला त्याच संध्याकाळी खाते २२ चे काका घरी आले. फलकावर त्यांचं वजन ८.५ होतं. खात्यात ५९,५७० रुपये आले होते. भाव ७,४०० प्रमाणे साडेआठ क्विंटलचे ६२,९०० व्हायला हवे होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, माझे तीन हजार तीनशे तीस रुपये कुठं गेले तेवढं पाहून सांग." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रात्रभर डोक्यात तेच होतं.

त्यातच बेरीजही जुळेना. वजनाचा रकाना असा दिसतो. नावं काढली आहेत आणि इथे मी फक्त आकडे टंकले आहेत. शीटमध्ये अंक इंग्रजी आहेत. दिसायला नीट दिसावं म्हणून सगळं मध्यभागी घेतलं होतं.

```
 १२.५
  ८.५
   ९
१०.१५
  ६.८
२१.३५
-----
 ५९.३
```

जिनिंगच्या सहा पावत्यांची बेरीज ६७.८५ क्विंटल येते, आणि शीटची बेरीज ५९.३. फरक ८.५५ चा. इतका कापूस सहापैकी कुणाचाच नाही, त्यामुळे एखादी पावती सुटली असंही म्हणता येत नाही. रकान्याचे मथळे नुसते "वजन", "ओलावा", "भाव", "रक्कम" असे आहेत. चूक कुठे शोधू? आणि पुढच्या खेपेला तक्ता कसा मांडू, म्हणजे काकांसारख्या माणसाला फलकापुढे उभं राहून एका नजरेत कळेल?

पराटीवाला

ताई, ७,४०० कोन्त्या तारखेचा भाव हाय? आमच्याइकडे व्यापारी ७,१०० च्या वर जाऊन नाही राहिला. ओलावा किती लागला तेबी सांगा.

हिशोबवाली

दादा, तो गटाचा एकत्र मालाचा भाव होता, आणि ज्यांचा ओलावा दहाच्या वर गेला त्यांना ७,३५० लागला. भावाबद्दल वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. इथे मला तक्त्याचं सांगा.

राजेहो_राजू

एकदम सोपं आहे. सेंटर काढा, सगळे आकडे राइट अलाइन करा, काम झालं. आकडे उजवीकडेच असतात, शाळेत बेरजेला असेच मांडायचो ना आपण. बेरीज चुकली असेल तर फॉर्म्युल्याची रेंज तपासा, एखादी ओळ सुटली असेल.

छापखाना_अमरावती

राजूभाऊ, उजवीकडे घ्यायचं हे बरोबर, पण तेवढ्याने काम होत नाही. ताईंचा रकाना नुसता उजवीकडे घेतला तर असा दिसेल:

```
 १२.५
  ८.५
    ९
१०.१५
  ६.८
२१.३५
```

आता नऊ क्विंटलचा ९ हा १०.१५ मधल्या पाच किलोच्या बरोबर वर येऊन बसला. शाळेत आपण एककाखाली एकक मांडायचो, टिंबाखाली टिंब मांडायचो. उजवी कड सारखी असणं आणि टिंब सारखं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिंबानंतर प्रत्येक ओळीत तितकेच अंक असतील तेव्हाच त्या एक होतात. मध्यभागी घेतलेल्या आकड्यांत तर लांबी आणि किंमत यांचा काही संबंधच उरत नाही.

पण मांडणी नंतर पाहू. ताई, आधी एक करा. वजनाचा सगळा रकाना निवडा आणि अलाइनमेंट पूर्ण काढून टाका, म्हणजे डावी, मधली, उजवी कुठलीच बटणं दाबलेली ठेवू नका. एक्सेल आपणहून संख्या उजवीकडे लावतं आणि मजकूर डावीकडे. कुठला आकडा डावीकडे पळाला ते सांगा.

हिशोबवाली

केलं. खाते ३१ डावीकडे गेलं. त्या घरात "९ क्विं." असं लिहिलेलं आहे. त्या दिवशी माझ्या भावाने दोन ओळी भरल्या होत्या. छापील कागदावर ते वाचताना काहीच खटकलं नव्हतं, म्हणून इथे टंकताना मी नुसतं ९ लिहिलं.

छापखाना_अमरावती

मग बेरजेतले नऊ सापडले. "९ क्विं." हा एक्सेलच्या लेखी शब्द आहे, आणि SUM शब्द मोजत नाही. तक्रारही करत नाही, गुपचूप वगळून पुढे जातं. ५९.३ मध्ये ९ मिळवले की ६८.३ होतात. पावत्या म्हणतात ६७.८५. म्हणजे आता तुमची बेरीज ०.४५ ने जास्त आहे.

८.५५ चा फरक कुणाच्याच नावावर सापडत नव्हता, कारण तो एका चुकीचा नव्हताच. नऊ क्विंटल सुटले आणि पंचेचाळीस किलो वाढले, दोन्ही एकमेकांत मिसळले. आणि ०.४५ ला ७,४०० ने गुणा. बरोबर ३,३३० रुपये. काकांचा आकडा तोच.

खाते २२ ची काट्याची पावती काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

हिशोबवाली

पावतीवर: भरलेली गाडी २,१९० किलो, रिकामी गाडी १,३८५ किलो, निव्वळ ८०५ किलो. खाली काट्यावरच्या माणसाने पेनाने "८ क्विं. ५ कि." लिहिलंय. मी ते वाचून ८.५ टाकलं होतं.

म्हणजे खरं ८.०५. पैसे पावतीवरून गेले म्हणून ते बरोबर गेले, फलकावरचा आकडा माझ्यामुळे चुकला. ८.०५ ला ७,४०० ने गुणलं तर ५९,५७० येतात. उद्या सकाळी पावती घेऊन काकांकडे जाते.

पण मग खाते १४ चे १२.५? ते मी शीटमध्ये १२.५० असंच टाकलं होतं हे मला नक्की आठवतं. आता तेही बारा क्विंटल पाच किलो असल्याचा कुणाला संशय आला तर?

जुना_दिवाणजी

संशय येणारच, बेटा. मी जिनिंगमध्ये वजनाच्या वहीवर बत्तीस वर्षं बसलो. ही चूक मी दर हंगामात पाहत आलो आणि दर वेळेस ती पाच किलोवरच होते. त्याचं कारण सांगतो.

आमचा भुईकाटा पाच-पाच किलोने बदलायचा. ८००, ८०५, ८१०, असा. मधला आकडा तो दाखवायचाच नाही. तुमच्या पावतीवरचे तिन्ही आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपून राहिले, म्हणजे तुमचाही तसाच असावा. तेव्हा क्विंटलात लिहिलं की शेवटचा अंक कायम ० किंवा ५. आता संगणक काय करतो? तुम्ही १२.५० लिहिलं की शेवटचं शून्य खाऊन १२.५ करतो. आणि माणूस काय करतो? आठ क्विंटल पाच किलो ऐकलं की मधलं शून्य खाऊन ८.५ करतो. एकाने मागचं शून्य खाल्लं, दुसऱ्याने मधलं. कागदावर दोन्ही सारखेच दिसून राहिले. वाचणाऱ्याने ओळखावं कसं?

आमच्या वहीत ही भानगडच नव्हती. क्विंटलचा रकाना वेगळा, किलोचा वेगळा, मधात उभी लाल रेघ. रुपये-पैशाचंही तसंच. पाच किलो असले की किलोच्या रकान्यात "०५" लिहायचं, नुसतं "५" लिहिलं तर मालक पान परत करायचे. मी तर म्हणतो, तुम्हीबी फलकावर दोन रकाने करा. शेतकरी बोलताना आठ क्विंटल पाच किलोच म्हणतो, "आठ पॉइंट शून्य पाच" कोणी म्हणत नाही.

राजेहो_राजू

काका, दोन रकाने केले तर शीटमध्ये बेरीज कशी करणार? किलो शंभरच्या वर गेले की हातचा घ्यावा लागेल. त्यापेक्षा सगळीकडे टिंबानंतर तीन अंक ठेवू. जितके जास्त अंक तितकं अचूक. ८.०५० लिहिलं की कोणी चुकणार नाही.

छापखाना_अमरावती

दिवाणजी, तुम्ही चुकीचं मूळ नेमकं दाखवलं. शून्य दोन ठिकाणी खाल्लं जातं आणि एकसारखं दिसतं, हे मला इतकं स्पष्ट सुचलं नसतं.

राजूभाऊ, तिसऱ्या अंकाला माझा विरोध आहे. क्विंटलमध्ये टिंबानंतरचा तिसरा अंक म्हणजे शंभर ग्राम. काटा पाच किलोच्या आत बोलत नाही आणि आपण शंभर ग्रामचा रकाना उघडायचा, म्हणजे काट्याने न सांगितलेलं कागदावर लिहायचं. शिवाय ८.०५० वाचताना कुणी "आठ क्विंटल पन्नास" म्हणालं तर काय कराल? शंभर किलोचा एक क्विंटल, म्हणून टिंबानंतरचे दोन अंक थेट किलो वाचता येतात. ही सोय फक्त दोन अंकांतच आहे. ती मोडू नका.

ताई, एक्सेलमध्ये वजनाचा रकाना निवडा, Format Cells, Custom, आणि हे टाका:

```
0.00
```

१२.५ चे १२.५० होतील, ९ चे ९.००, ६.८ चे ६.८०. टिंबं एकाखाली एक येतील. पण एक इशारा देतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. ८.५ टाकलेलं असेल तर हा फॉरमॅट त्याचे ८.५० करेल. चुकीचा आकडा तो सुधारत नाही, उलट जास्त खात्रीचा दाखवतो. आधी पावत्यांवरून आकडे तपासा, मग फॉरमॅट लावा.

अंगणवाडी_ताई

मी हा धागा वाचून दचकले. विषय कापसाचा आहे, पण माझंही तेच झालं होतं म्हणून लिहिते.

आमचा बाळांचा काटा किलोत टिंबानंतर तीन अंक दाखवतो, ९.०५० असे. मध्यंतरी मी रजेवर असताना मदतीला आलेल्या मुलीने एका बाळाचं वजन रजिस्टरमध्ये ९.५० लिहिलं. तिने नऊ किलो पन्नास ग्राम म्हणून लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात मी मोजलं तर ९.२००. रजिस्टर पाहून मला वाटलं, बाळाचं वजन तीनशे ग्रामने घटलं. त्याच्या आईला घाबरवलं, घरी दोन चकरा मारल्या. नंतर त्या मुलीशी बोलताना कळलं की खरं वजन ९.०५० होतं, म्हणजे बाळ दीडशे ग्रामने वाढलं होतं. त्या माऊलीचे चार दिवस काळजीत गेले, ते अजून मला टोचतं.

आता मी तीनच अंक लिहिते आणि रकान्यावर "वजन (किलो)" लिहिलंय. पण छापखानावाले दादा म्हणतात दोनच अंक. मी काय करू?

छापखाना_अमरावती

ताई, तुम्ही तीनच ठेवा. तुमचं एकक किलो आहे, किलोचे हजार ग्राम, म्हणून तीन अंकांत ग्राम थेट वाचता येतात. दोन की तीन हे मोठं एकक लहान एककात कसं मोडतं त्यावर आणि मोजायचं साधन किती बारीक दाखवतं त्यावर ठरतं. क्विंटल-किलोला दोन, किलो-ग्रामला तीन. ओलावामापक एकच अंक दाखवत असेल, तर ओलाव्याच्या रकान्यात एकच. एका तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत वेगवेगळे अंक चालतात, पण एका रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नियम पाहिजे.

सातबारा

ह्याच नियमाने मला एकराचं सांगा. आमच्याकडे पीक पेऱ्याच्या यादीत क्षेत्र "२.२०" लिहितात, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. मी ते शीटमध्ये टाकून बेरीज केली तर क्षेत्र कमी भरतं. इथेही 0.00 लावू का?

छापखाना_अमरावती

नका लावू. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, दशांशात २.५०. तुमचं "२.२०" हे दशांश नाहीच, तिथलं टिंब नुसतं एकर आणि गुंठे वेगळे करायला आहे. अशा दोन शेतांची बेरीज पाच एकर व्हायला हवी, शीट ४.४० दाखवेल. टिंबाखाली टिंब छान आलेलं असेल आणि आकडा तरी चूकच असेल. ह्या जागी दिवाणजींचे दोन रकानेच बरोबर: एक "एकर", एक "गुंठे". नाहीतर सगळं हेक्टरमध्ये घ्या. शंभर आरचा हेक्टर, तिथे दोन अंक नीट बसतात. तुमचे अडीच एकर साधारण १.०१ हेक्टर होतात.

सातबारा

हेक्टर घेतलं तर गावात कोणी वाचत नाही, सगळे एकरातच बोलतात. दोन रकाने केले तर बेरजेला वेगळा फॉर्म्युला लागेल. पाहतो काय जमते ते.

जुना_दिवाणजी

कापसाच्या बाबतीत मी एक अजून सुचवतो. काट्याची पावती किलोतच येते ना? मग टिंब पाहिजेच काहून? "वजन (किलो)" असा मथळा द्या आणि सरळ लिहा:

```
१,२५०
  ८०५
  ९००
१,०१५
  ६८०
२,१३५
-----
६,७८५
```

टिंब नाही, शून्य खाण्याचा प्रश्न नाही. हजाराच्या वरचे आकडे डावीकडे बाहेर आले, तेवढ्यावरूनच कोणाची गाडी मोठी ते कळून राहिलं. पावतीवर हाच आकडा आहे, माणूस पावती हातात धरून फलकाशी ताडून पाहू शकतो.

हिशोबवाली

काका, हे मला फार पटलं. आज आमच्या आत्याला दाखवूनही पाहिलं. तिने ८०५ लगेच वाचलं, पण पुढे म्हणाली, "भाव क्विंटलचा अन् वजन किलोचं, गुणू कसं?" ७,४०० च्या भावाशी ती मनातल्या मनात क्विंटलच जोडते. आठ क्विंटलचे एकोणसाठ हजार दोनशे आणि वर पाच किलोचे तीनशे सत्तर, असा हिशेब तिने माझ्यासमोर तोंडी केला. किलो दिले तर आधी क्विंटल करावे लागतात.

छापखाना_अमरावती

मग दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या कामाला. शीटमध्ये एक रकाना "निव्वळ वजन (किलो)" ठेवा आणि त्यात पावतीवरचाच आकडा भरा, तुमच्या भावालाही तेच सांगा. क्विंटलचा रकाना कुणी हाताने भरायचाच नाही:

```
=C5/100
```

८०५ भरलं की ८.०५ आपोआप येईल. पेनाने लिहिलेलं "८ क्विं. ५ कि." वाचून कुणी टिंब टाकणार नाही, मग शून्य खाण्याची जागाच उरत नाही. छापताना किलोचा रकाना ठेवायचा की लपवायचा हे तुम्ही ठरवा. मी असतो तर ठेवला असता, पावतीशी ताडायला.

छापण्याआधी एका रिकाम्या घरात हे टाकून पाहा:

```
=COUNTA(C5:C10)-COUNT(C5:C10)
```

उत्तर ० आलं तर भरलेली सगळी घरं संख्या आहेत. १ आलं तर कुठेतरी "९ क्विं." लपलेलं आहे. तुमच्या तक्त्यात हे लपलं ते मध्यभागी घेतल्यामुळेच. अलाइनमेंटला हात लावला नसता तर ते घर पहिल्याच दिवशी डावीकडे उभं राहून दिसलं असतं.

एकक घरात लिहायचंच नाही, ते मथळ्यात एकदा लिहायचं. "वजन" वाचून कुणालाही विचारावं लागतं की किलो की क्विंटल. "रक्कम" वर "(रुपये)" लिहिलं की प्रत्येक ओळीत "रु." आणि "/-" लिहायची गरज उरत नाही, आणि ते "/-" काढल्याशिवाय आकड्यांची उजवी कड सरळ येत नाही. भावाचा मथळा "भाव (रुपये प्रति क्विंटल)" असा पूर्ण लिहा, कारण किलोचा रकाना शेजारीच आहे.

मथळा लांब झाला की रकाना रुंद होतो आणि आकडा शेजाऱ्यापासून लांब जातो. म्हणून वर "वजन", खाली "(क्विंटल)" अशा दोन ओळी करा, एक्सेलमध्ये Alt+Enter दाबून. मथळाही उजवीकडेच घ्या, आकड्यांच्या डोक्यावर बसेल असा. नाव आणि खाते क्रमांक डावीकडे राहू द्या. खाते क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही, ती नुसती ओळख आहे.

राजेहो_राजू

हे पटलं, तीन अंकांचा माझा हट्ट मागे घेतो. एक भर घालतो. रकमेत लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने यावा म्हणून मी हा फॉरमॅट वापरतो, नाहीतर माझ्या संगणकावर १५७,९९० असं दिसतं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

छापखाना_अमरावती

राजूभाऊ, हा चांगला आहे. एवढं लक्षात ठेवा की वजा रक्कम असेल तर तो तिसऱ्या भागात जातो आणि लाखाचा स्वल्पविराम परत हजाराच्या पद्धतीने पडतो. उचल कापून कुणाचं खातं वजा दिसणार असेल तर तेवढ्या ओळी डोळ्यांनी तपासा.

आणि छापण्याआधी फॉन्ट पाहा. एकाखाली एक १११११ आणि ८८८८८ लिहा. दोन्हींची लांबी सारखी आली तर ठीक. काही फॉन्टमध्ये १ बारीक असतो. मग टिंबानंतर दोन अंक ठेवूनही टिंबं किंचित इकडेतिकडे सरकतात. तसं झालं तर फॉन्ट बदला, त्याला दुसरा इलाज नाही.

हिशोबवाली

आज नवा तक्ता लावला. इथेही टाकते. जागेसाठी नावं आणि किलोचा रकाना काढला आहे, फलकावर ते आहेत.

| खाते क्र. | ओलावा (टक्के) | वजन (क्विंटल) | भाव (रुपये प्रति क्विंटल) | रक्कम (रुपये) |
|:---|---:|---:|---:|---:|
| १४ | ८.५ | १२.५० | ७,४०० | ९२,५०० |
| २२ | ८.० | ८.०५ | ७,४०० | ५९,५७० |
| ३१ | १०.२ | ९.०० | ७,३५० | ६६,१५० |
| ३७ | ८.४ | १०.१५ | ७,४०० | ७५,११० |
| ४० | १०.६ | ६.८० | ७,३५० | ४९,९८० |
| ४५ | ७.९ | २१.३५ | ७,४०० | १,५७,९९० |
| एकूण | | ६७.८५ | | ५,०१,३०० |

बेरीज पावत्यांशी जुळली. "वजन (क्विंटल)" च्या खाली बारीक अक्षरात "टिंबानंतरचे दोन अंक म्हणजे किलो" असंही लिहिलंय.

सकाळी पावती घेऊन खाते २२ च्या काकांकडे गेले होते. त्यांनी पावतीवरचे २,१९० आणि १,३८५ स्वतः वजा केले, ८०५ आल्यावर मान हलवली. संध्याकाळी ते फलकापाशी उभे होते. त्यांनी बोट आपल्या ओळीवर ठेवलं, मग खाली खाते ३७ वर नेलं, आणि शेजारच्याला म्हणाले, "माझे आठ क्विंटल पाच, ह्याचे दहा पंधरा." मी काही सांगितलं नव्हतं.

ओलाव्याच्या आणि भावाच्या एकूण घरात काय लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकाने विचारलं, इथे भरायचं राहिलं का?

जुना_दिवाणजी

ओलाव्याची बेरीज होत नाही, भावाचीही होत नाही. तिथे आडवी रेघ मारा. रिकामं घर पाहून माणूस विचारतोच. शून्य तर मुळीच लिहू नका, ओलावा शून्य असा अर्थ निघेल.

तक्ता चांगला झाला. तरीपण फलकावर क्विंटल अन् किलोचे दोन रकाने मधात लाल रेघ मारून असते तर ती बारीक अक्षरातली सूचना लागली नसती, हे माझं म्हणणं कायम आहे.

छापखाना_अमरावती

रेघ घातलीत तर तीही उजवीकडे घ्या, आणि ती हाताने टंकलेली असेल तर वर दिलेला COUNTA चा हिशेब ओलाव्याच्या किंवा भावाच्या रकान्याला लावताना फक्त ५ ते १० ओळींचाच ठेवा. एकूणची ओळ त्यात घेतली तर रेघ शब्द म्हणून मोजली जाईल आणि चूक नसताना १ दिसेल.

दिवाणजींच्या दोन रकान्यांबद्दल मी अजून विचार करतोय. वाचायला ते सोपे आहेत हे खरं. पण ७,४०० ने गुणणारा माणूस रकाने दोन असले की किलोचा भाग विसरतो, असं मी एका छापील पत्रकात पाहिलं आहे.

पराटीवाला

मी पहिले भाव इचारून गेलो, आता पुरा धागा वाचला. आमच्या गटाचा कागद काढून पाहिला. त्यात माह्या नावापुढं "७.५" हाय, मथळा नुसता "माल". उद्या पावती शोधतो.

हिशोबवाली

दादा, पावतीवर निव्वळ किलो किती ते पाहा. ७५० असेल तर साडेसात, ७०५ असेल तर सात क्विंटल पाच. सापडली की इथे लिहा.